सूत्रातून 0.77 लॉट येतोय, मग घ्यायचा किती? लहान खातं, 1% रिस्क आणि निफ्टीचा ऑप्शन

उंबरठा

खातं 1,00,000 रुपयांचं. एका ट्रेडमागे 1% म्हणजे 1,000 रुपयांच्या वर तोटा घ्यायचा नाही, असं ठरवलंय. निफ्टीचा ऑप्शन फक्त विकत घ्यायचा आणि त्याच दिवशी बाहेर पडायचं. ऑप्शन विकणं नाही, रात्रभर ठेवणंही नाही.

मांडणी अशी केली. चार्टवर स्टॉप 40 पॉइंट दूर आहे. एटीएम कॉल 120 रुपयांना मिळतोय, डेल्टा 0.5, म्हणजे प्रीमियममध्ये 20 रुपयांचा स्टॉप. लॉट 65. 20 गुणिले 65 म्हणजे 1,300. 1,000 भागिले 1,300 केलं की 0.77 येतं.

आता 0.77 लॉट काही मिळत नाही. एक लॉट घेतला तर रिस्क 1.3% होते. शून्य धरलं तर बरेच दिवस नुसतं बघत बसावं लागेल. स्टॉप 30 पॉइंटवर आणला तर 15 गुणिले 65 म्हणजे 975, आणि ते बसतं. असं केलेलं चालेल का? गणितात काही राहिलं असेल तर तेही सांगा.

---

रोखठोक

गणित बरोबर आहे. स्टॉप 30 करा आणि एक लॉट घ्या. लॉट एक्स्चेंज ठरवतं, टक्केवारी तुम्ही ठरवली आहे, तेव्हा आपल्या हातात राहिला तो स्टॉपच. तोटा 1,000 च्या आत राहतोय ना, मग नियम पाळला गेला. उगाच जास्त विचार करू नका.

---

तराजू

रोखठोक, तोटा 1,000 च्या आत राहतो एवढं खरं, पण तो तोटा होण्याची शक्यता वाढते आणि ती या सूत्रात कुठेच दिसत नाही.

उंबरठा, 40 पॉइंट कुठून आले ते आधी बघा. मागच्या स्विंगच्या लोच्या खाली स्टॉप ठेवला म्हणून 40 आले असतील, तर 30 वर ठेवलेला स्टॉप त्या लोच्या वर येतो. म्हणजे तुमची कल्पना चुकलेली नसतानाही भाव तिथे सहज येऊन जाऊ शकतो. सूत्रात उजवीकडे स्टॉप आणि लॉट, डावीकडे उत्तर. उत्तर आवडलं नाही म्हणून स्टॉप बदलायचा, हे बूट बसत नाही म्हणून पाय तासण्यासारखं आहे. स्टॉप चार्टने द्यायचा, क्वांटिटी सूत्राने द्यायची आणि उत्तर शून्य आलं तर ते शून्य मान्य करायचं.

स्टॉप फार जवळ आला आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे. ज्या टाइमफ्रेमवर ट्रेड घेता, त्यावर 14 चा एटीआर लावा. पाच मिनिटांच्या कँडलचा एटीआर 20 असेल आणि स्टॉप 30 पॉइंटवर असेल, तर दीड कँडलच्या नेहमीच्या हालचालीत तो उडतो. दुसरी खूण तुमच्या वहीत सापडेल. स्टॉप लागल्यानंतर त्याच दिवशी भाव तुमच्या मूळ टार्गेटला गेला, असे ट्रेड मोजा. स्टॉप जवळ आणल्यापासून हा आकडा वाढला असेल तर रिस्क कमी झालेली नाही, ती फक्त हप्त्याहप्त्याने भरली जातेय.

आता गणितात राहिलेलं. तुम्ही खर्च आणि स्लिपेज धरलेलंच नाही. ऑर्डरमागे 20 रुपये घेणारा ब्रोकर धरला तर घेताना आणि विकताना मिळून 40, त्यावर जीएसटी, शिवाय एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस आणि स्टॅम्प ड्यूटी. तुमच्या आकारमानाच्या एका लॉटला येऊनजाऊन 65 रुपये धरा. खरेदी आणि विक्री मिळून युनिटमागे 1 रुपया स्लिपेज धरलं तर आणखी 65. म्हणजे तुमचा 1,300 चा तोटा प्रत्यक्षात 1,430 आहे. मोठ्या खात्यात हे 130 रुपये जाणवत नाहीत. तुमच्या 1,000 रुपयांच्या बजेटमधून मात्र ट्रेड सुरू व्हायच्या आधीच 13% गेले.

शीटमध्ये असं मांडा:

```
B1 = 100000   खातं
B2 = 1%       रिस्क
B3 = 40       इंडेक्समधला स्टॉप
B4 = 0.5      डेल्टा
B5 = 1        युनिटमागे स्लिपेज
B6 = 65       लॉट
B7 = 65       ठरावीक खर्च

लॉट:        =ROUNDDOWN((B1*B2-B7)/((B3*B4+B5)*B6),0)
किमान खातं: =((B3*B4+B5)*B6+B7)/B2
```

पहिल्या ओळीचं उत्तर 0 येतं, कारण 935 भागिले 1,365 म्हणजे 0.68. तिथे ROUND वापरू नका. त्याने 0.68 चा 1 होतो आणि शीट तुमच्याच नकळत नियम मोडते.

तुमच्यासाठी दुसरी ओळ जास्त महत्त्वाची आहे. ती 1,43,000 दाखवते. याचा अर्थ 40 पॉइंटचा स्टॉप, एटीएम ऑप्शन आणि 1% हे तिन्ही एकत्र हवे असतील तर खातं 1,43,000 चं लागतं. तुमचं 1,00,000 चं आहे. "किती लॉट घेऊ" याच्याआधी "हा लॉट माझ्या खात्याचा आहे का" हे विचारायला हवं.

---

वहीतला_हिशेब

तराजू, त्या दुसऱ्या ओळीत जुने लॉट टाकून बघितले. नोव्हेंबर 2024 पूर्वी निफ्टीचा लॉट 25 होता. याच स्टॉपला आणि याच डेल्टाला तेव्हा साधारण 59,000 चं खातं पुरत होतं. सेबीने काँट्रॅक्टची किमान किंमत 15 लाखांवर नेली, लॉट 75 झाला आणि तोच आकडा 1,64,000 वर गेला. जानेवारी 2026 पासून लॉट 65 आहे, म्हणून 1,43,000.

त्यामुळे जुने व्हिडिओ किंवा जुन्या शीट वापरणाऱ्यांनी लॉटचा रकाना आधी तपासा. त्यात 25 राहून गेला असेल तर शीट 40 पॉइंटला एक लॉट बिनदिक्कत देते आणि खरी रिस्क अडीच पट निघते. चालू लॉट ऑर्डरच्या खिडकीत दिसतोच, तिथून बघून भरायचा.

---

शांताराम_मास्तर

मला वाटतं इथे मुळातच चूक होत आहे. 1% म्हणजे 1,00,000 च्या खात्यात एका वेळी 1,000 रुपयांचाच माल घ्यायचा ना? 120 गुणिले 65 म्हणजे 7,800. खात्याचे 7.8% एका ट्रेडमध्ये घातले तर 1% चा नियम राहिला कुठे?

---

तराजू

मास्तर, घातलेले पैसे वेगळे आणि जोखमीवर लावलेले पैसे वेगळे. 7,800 रुपये ऑप्शनमध्ये जातात. स्टॉप ठरल्याप्रमाणे लागला तर त्यातले साधारण 6,400 परत येतात. 1% हा न परतणाऱ्या भागाला लावायचा आकडा आहे.

पण तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे. "स्टॉप ठरल्याप्रमाणे लागला तर" यातला "तर" काढला, तर 7,800 चे 7,800 उघड्यावर आहेत. तेव्हा स्टॉप लागतो कसा, हे बघायलाच हवं.

---

अबोली

ते मी सांगते, कारण इथेच बहुतेकांचा कागदावरचा 1% आणि काँट्रॅक्ट नोटवरचा 1% वेगळे होतात.

एनएसईने सप्टेंबर 2021 मध्ये ऑप्शनमधली एसएल-एम ऑर्डर बंद केली. उरली ती एसएल-लिमिट. तिच्यात दोन भाव द्यावे लागतात. समजा 120 ला घेतलं, ट्रिगर 100 आणि लिमिट 97. भाव 100 ला आला की 97 ची विक्रीची लिमिट ऑर्डर बाजारात जाते. नेहमीच्या वेळी ती 99.50 किंवा 99 ला होऊन जाते. पण एखादी बातमी आली आणि भाव 101 वरून थेट 94 वर गेला, तर ऑर्डर 97 ला पडून राहते आणि ऑप्शन तुमच्याकडेच राहतो. भाव आणखी खाली, ऑर्डर तशीच.

यावरून दोन गोष्टी करायच्या. पहिली म्हणजे क्वांटिटी काढताना ट्रिगर धरू नका, लिमिट धरा. वरच्या उदाहरणात स्टॉप 20 चा नाही, 23 चा आहे आणि 23 गुणिले 65 म्हणजे 1,495. दुसरी म्हणजे ट्रिगर आणि लिमिट यांतलं अंतर फार कमी ठेवू नका. 100 आणि 99.80 ठेवलं की कागदावर रिस्क कमी दिसते, पण ऑर्डर राहून जाण्याची भीती वाढते. एटीएमला चालू आठवड्याच्या एक्सपायरीत दोन-तीन रुपयांचं अंतर मला योग्य वाटतं. दूरच्या स्ट्राइकला बिड आणि आस्कच एकमेकांपासून लांब असतात, तिथे आधी मार्केट डेप्थ उघडून बघा.

ऑर्डर राहून गेली हे कळायला ऑर्डर बुक उघडावं लागतं. ट्रिगर होऊन गेलेली ऑर्डर तिथे "ओपन" दिसते, "ट्रिगर पेंडिंग" दिसत नाही. तसं दिसलं की ऑर्डर मॉडिफाय करून लिमिट चालू बिडच्या खाली आणायची. ती रद्द करून नवीन टाकण्यात वेळ जातो.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. शीट केली. एटीएमला 1,000 रुपयांत किती पॉइंटचा स्टॉप बसतो ते उलटं काढलं. 935 भागिले 65 म्हणजे 14.38. त्यातून स्लिपेजचा 1 वजा केला की 13.38, आणि 0.5 ने भागलं की 26 पॉइंट. म्हणजे मी 30 म्हणत होतो तेसुद्धा बसत नव्हतं.

तराजू म्हणतात तसं शून्य मान्य करतो, पण मग या खात्याने निफ्टीत काहीच करता येत नाही असं समजायचं का?

---

दूरदेशी

अजिबात नाही. दूरचा ओटीएम घ्या. 15 रुपयांचा कॉल, 65 चा लॉट, 975 रुपये. स्टॉप लावायचाच नाही, सगळा प्रीमियम हाच तोटा. अबोलींनी सांगितलेली ऑर्डर राहून जाण्याची भानगड नाही, ट्रिगर नाही, लिमिट नाही. 1% च्या वर तोटा होऊच शकत नाही.

---

तराजू

दूरदेशी, जास्तीत जास्त तोटा किती हे तुमच्या पद्धतीत आधीच पक्कं होतं, ही तिची खरी ताकद आहे. खर्चाचे 65 धरले तर 1,040 होतात, पण ते सोडून देऊ.

अडचण दुसरीकडे आहे. 15 रुपयांच्या ऑप्शनचा डेल्टा साधारण 0.1 च्या आसपास असतो. निफ्टी तुमच्या बाजूने 60 पॉइंट गेला तर ऑप्शन सहा-सात रुपयांनी वाढतो, म्हणजे लॉटमागे 400 ते 450. त्यातून खर्च आणि बिड-आस्कमधला फरक वजा करा. 60 पॉइंटचा अंदाज बरोबर येऊनही हातात पडतात 300 आणि चुकलं तर 1,000. शिवाय तोच ऑप्शन दुपारपर्यंत नुसत्या वेळेने दोन-तीन रुपये खाली येतो, निफ्टी जागचा हलला नाही तरी. उंबरठांचा ट्रेड 40 पॉइंट स्टॉप आणि 80 पॉइंट टार्गेट असा असेल, तर हे हत्यार त्या कामाचं नाही.

पण तुमच्या दिशेने अर्धी वाट चालून थांबलं तर उत्तर सापडतं. डेल्टा 0.3 चा स्ट्राइक घ्या. 40 गुणिले 0.3 म्हणजे 12, स्लिपेजचा 1 मिळवून 13, गुणिले 65 म्हणजे 845 आणि खर्चाचे 65. एकूण 910. 1,000 च्या आत एक लॉट बसला आणि चार्टवरचा स्टॉप जिथे होता तिथेच राहिला. उंबरठांनी 26 काढलं, तेच गणित 0.3 ला केलं तर 44 पॉइंटपर्यंत जागा मिळते.

याची किंमत मोजावी लागते, तेही सांगतो. टार्गेटला 80 पॉइंट मिळाले तर एटीएम ऑप्शन साधारण 45 रुपये वाढला असता, हा 27-28 वाढेल. भाव बाजूने जाताना डेल्टा वाढतो म्हणून ते 24 पेक्षा थोडे जास्त आहेत. नफा कमी, तोटाही कमी, गुणोत्तर जवळपास तेच. पण प्रीमियम लहान असल्याने वेळेची झीज आणि बिड-आस्कचा फरक त्या लहान आकड्यातून जातो. एक्सपायरीच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ही झीज इतकी वेगाने होते की 0.3 चा ऑप्शन तासाभरात 0.15 चा झालेला दिसतो. त्या दिवशी शीटमध्ये सकाळचा डेल्टा ठेवून चालत नाही. चालू आठवड्याऐवजी पुढच्या आठवड्याची एक्सपायरी घेतली तर झीज कमी, पण बिड-आस्क रुंद.

---

वहीतला_हिशेब

स्प्रेड का नको? 0.5 चा कॉल घ्यायचा, 0.2 चा वरचा कॉल विकायचा, निव्वळ डेल्टा 0.3. वेळेची झीजही बरीचशी कापली जाते.

---

अबोली

कल्पना चांगली, पण या खात्याच्या आकाराला खर्च बघा. चार ऑर्डर, म्हणजे ब्रोकरेज 80, त्यावर जीएसटी आणि बाकीचं मिळून 110 च्या आसपास. स्लिपेज दोन ऑप्शनमध्ये, म्हणून युनिटमागे 2 रुपये, 130 झाले. 12 गुणिले 65 म्हणजे 780. बेरीज 1,020. काठावर येऊन बाहेर जातं. उंबरठांनी तर पहिल्याच ओळीत ऑप्शन विकायचा नाही असं म्हटलंय. विकलेल्या कॉलसाठी मार्जिन अडकतं तेही 1,00,000 च्या खात्यात मोठंच आहे.

पुढेमागे केलंच तर क्रम लक्षात ठेवा. घेताना आधी खरेदी, मग विक्री. सोडताना आधी विकलेला ऑप्शन परत घ्या, मग आपला विका. उलटं केलं तर मधल्या काही सेकंदांत उघड्या विक्रीचं मार्जिन मागितलं जातं आणि ऑर्डर नाकारली जाऊ शकते.

---

म्हापशाचो

नमस्कार, प्रश्न थोडा वेगळा आहे पण लॉटचाच आहे. माझं खातं 1,00,000 चं, एमसीएक्सवर गोल्ड मिनी. लॉट 100 ग्रॅम, स्टॉप 900 रुपये. 900 गुणिले 100 म्हणजे 90,000 येतात! खात्याचे 90%. सगळे गोल्ड मिनी करतात ते कसं?

---

तराजू

गुणाकार चुकतोय. गोल्ड मिनीचा भाव 10 ग्रॅमचा असतो आणि लॉट 100 ग्रॅमचा. म्हणून भाव 1 रुपया हलला की लॉटमागे 10 रुपये. तुमचा 900 चा स्टॉप म्हणजे लॉटमागे 9,000. तेही तुमच्या खात्याचे 9% आहेत, म्हणजे चूक दुरुस्त करूनही गोल्ड मिनी तुमच्या मापाचा नाही.

कमोडिटीत लॉटचं वजन आणि भाव कशाचा आहे, या दोन्ही गोष्टी बघायच्या. गोल्ड पेटल 1 ग्रॅमचा आणि भावही 1 ग्रॅमचा. 10 ग्रॅमला 900 चा स्टॉप म्हणजे पेटलच्या चार्टवर 90 रुपये आणि लॉटमागे 90 चाच तोटा. 1,000 मधून खर्च आणि स्लिपेजसाठी 100 बाजूला ठेवले तरी 10 लॉट बसतात. गिनी 8 ग्रॅमची, भाव 8 ग्रॅमचा, तिथे तोच स्टॉप 720 रुपये. सिल्व्हर मायक्रो 1 किलोचा, भावही किलोचा, म्हणून 1 रुपयाला 1 रुपया. क्रूड मिनी 10 बॅरल, म्हणून 1 रुपयाला 10. नॅचरल गॅस मिनी 250 एमएमबीटीयू, म्हणून 1 रुपयाला 250, आणि तिथे एक-दोन रुपयांची हालचाल किरकोळ वाटते पण नसते.

पेटलमध्ये तुम्हाला उंबरठांपेक्षा सोय जास्त आहे. त्यांना शून्य किंवा एक, एवढेच पर्याय. तुम्हाला 7, 8, 9, 10 असं घेता येतं, म्हणजे स्टॉप बदलला की क्वांटिटीही नीट बदलते. फक्त डिलिव्हरी सक्तीची आहे, तेव्हा टेंडर पिरियड सुरू व्हायच्या आधी बाहेर पडा किंवा पुढच्या महिन्यात जा.

---

म्हापशाचो

देव बरें करूं. मी 10 ऐवजी 100 ने गुणत होतो. पण मी रात्रभर ठेवतो, तेव्हा 10 पेटल चालतील का?

---

सायंकाळ

रात्रभर ठेवणार असाल तर स्टॉपचं अंतर हा तोट्याचा कमाल आकडा नाही, तो फक्त बाजार चालू असतानाचा अंदाज आहे. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आपल्याच एमसीएक्सवर घडलं. 20 एप्रिल 2020 ला टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी 5 ला बंद झालं. क्रूडचा शेवटचा व्यवहार 965 रुपयांना झाला होता. त्यानंतर रात्री अमेरिकेत भाव शून्याच्या खाली गेला आणि इथे काँट्रॅक्टची सेटलमेंट उणे 2,884 रुपयांना झाली. 100 बॅरलच्या एका लॉटला 3,849 गुणिले 100, म्हणजे 3,84,900 रुपये. 940 ला स्टॉप लावून बसलेल्याला तो लागण्यासाठी बाजारच उघडा नव्हता.

असं रोज होत नाही, पण लहान गॅप नेहमी येतात. रात्रभरच्या ट्रेडला मी दोन आकडे काढते. एक नेहमीचा, स्टॉपवरून. दुसरा, मागच्या वर्षभरातला तुमच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात मोठा गॅप लागला तर किती जाईल. तो दुसरा तोटा खात्याच्या 3% च्या वर जात असेल तर क्वांटिटी त्या आकड्याने ठरवते, स्टॉपने नाही. शेअरलाही हेच, त्यात लोअर सर्किट लागलं की विकायला गिऱ्हाईकच नसतं.

---

रोखठोक

तराजूंचा एटीआरचा मुद्दा पटला, 30 चं मागे घेतो. पण एक विचारतो. 1% वरच एवढं अडायचं का? 1.43% ला उंबरठांचा एटीएमचा एक लॉट बसतो. 1.5% ठरवा आणि पुढे चला. 2% वापरणारेही पुष्कळ आहेत.

---

तराजू

1.5% ठरवून घेणं आणि 1% म्हणत 1.43% घेणं यात फरक आहे, तेव्हा तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फक्त एक गोष्ट बघा. एकच लॉट बसत असेल तर टक्केवारी हातात राहत नाही, रुपये तेवढेच राहतात. सात तोटे लागोपाठ झाले, 1,430 च्या हिशेबाने 10,010 गेले, खातं 89,990. आता तोच लॉट 1.59% आहे. चौदा तोटे झाले की 1.79%. टक्केवारीने क्वांटिटी काढायची ती खातं घसरताना रिस्क आपोआप कमी व्हावी म्हणून. इथे नेमकं उलटं होतं, खातं लहान होतं आणि रिस्क वाढते, कारण अर्धा लॉट घेता येत नाही.

म्हणून 1.5% ठरवायचं असेल तर जोडीला खात्याचा एक आकडाही लिहून ठेवा. 1,430 हे 1.5% असायला 95,333 चं खातं लागतं. त्याच्या खाली गेलं की एटीएम बंद, डेल्टा 0.3 वर जायचं. 0.3 चा लॉट 910 चा आहे, तो 1.5% ला 60,667 पर्यंत पुरतो.

---

रोखठोक

चार तोट्यांत 95,333 च्या खाली जाईल. हे फारच लवकर आहे.

---

वहीतला_हिशेब

लवकर आहे, आणि म्हणूनच 1,00,000 ला एटीएम काठावर आहे असं म्हणायचं. मी 1% लाच राहीन. तुम्ही 1.5 म्हणता, ठीक. यावर इथे एकमत होणार नाही.

उंबरठा, तुम्ही फक्त निफ्टीच करणार का? कॅशमध्ये शेअरचा लॉट 1 असतो. 640 चा शेअर, 12 रुपये स्टॉप, स्लिपेज 0.50. इंट्राडेचा खर्च साधारण 55 धरला तर 945 भागिले 12.5 म्हणजे 75 शेअर. 48,000 चा माल आणि तोटा 992. सूत्राचं उत्तर जवळपास जसंच्या तसं घेता येतं. मात्र स्टॉप फार जवळ असेल, समजा 3 रुपये, तर सूत्र 270 शेअर सांगतं आणि त्याचे 1,72,800 होतात, खात्यापेक्षा जास्त. इंट्राडे मार्जिनवर मिळतीलही. मी तिथे दोन आकड्यांतला लहान घेतो, सूत्राचा किंवा खात्यातल्या पैशात येतो तो.

---

उंबरठा

ठरवलं ते लिहितो. निफ्टीत डेल्टा 0.3 आणि 44 पॉइंटपर्यंतचा स्टॉप, त्यापुढे शून्य. मंगळवारी निफ्टी नाही, त्या दिवशी शेअर. खात्याचा रकाना रोज सकाळी बदलणार.

एक शंका राहिली. स्टॉप निफ्टीच्या 40 पॉइंटवर ठेवायचा की प्रीमियमच्या 12 रुपयांवर? काल कागदावर बघितलं तर निफ्टी 25 पॉइंटच खाली आला होता आणि प्रीमियम 12 ने उतरला होता.

---

अबोली

प्रीमियमवर. ऑर्डर एक्स्चेंजकडे पडून असते. नेट गेलं तरी ती काम करते.

---

तराजू

मी निफ्टीच्या पातळीवर ठेवतो आणि प्रीमियमला त्याच्याही खाली एक एसएल लावून ठेवतो, 12 ऐवजी 15 रुपयांवर. तुम्ही जे पाहिलं ते आयव्ही उतरल्यामुळे किंवा वेळ गेल्यामुळे होतं. 25 पॉइंटला 0.3 ने साडेसात रुपये जायला हवेत, वरचे साडेचार त्या दोघांचे. सकाळी 9:15 ते 9:45 मध्ये हे हमखास दिसतं, कारण उघडताना आयव्ही फुगलेली असते. प्रीमियमवरच स्टॉप ठेवला असता तर चार्टवर कल्पना शाबूत असताना तुम्ही बाहेर पडला असता.

पण मग क्वांटिटी 15 ने काढावी लागते. 15 आणि 1 मिळून 16, गुणिले 65 म्हणजे 1,040, खर्च 65. एकूण 1,105.

---

उंबरठा

म्हणजे पुन्हा 1,000 च्या बाहेर. डेल्टा 0.25 चा स्ट्राइक घेऊन 40 गुणिले 0.25 म्हणजे 10, आणि प्रीमियमचा एसएल 13 वर ठेवला तर 14 गुणिले 65 म्हणजे 910, अधिक 65 म्हणजे 975. हे बसतंय. सोमवारी 9:45 नंतर या स्ट्राइकचा बिड-आस्क किती आहे ते बघून इथेच लिहितो. एक रुपयापेक्षा जास्त दिसला तर B5 बदलावा लागेल.